दुकान सुरू आहे

हरेश्वर दुकानात शिरला तेव्हा ॲंजेलाला वाटलं, गिऱ्हाईक आलं. सकाळपासूनचं पहिलंच. काउंटरवरची फ्रॉकची चळत तिने बाजूला सारली आणि ती उठून उभी राहिली.

"बसा, बसा," हरेश्वर म्हणाला. "काही घ्यायला नाही आलो. सहज."

हरेश्वर आगाशीतला जागांचा दलाल. सहज तो कुठेच जात नसे. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे, मग हळूहळू पावलं टाकत आतल्या ट्रायल रूमपर्यंत जाऊन परत आला.

"माझ्याकडे एक पार्टी आहे," तो म्हणाला. "मेडिकलवाले. चंदनसारला त्यांचं दुकान चांगलं चाललंय, आता इकडे दुसरं टाकायचंय. माणसं सरळ आहेत. म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाला शब्द द्यायच्या आधी आपण कानावर घालावं."

"कसला शब्द?"

"गाळ्याचा."

"गाळा विकायला कुणी काढलाय?"

आता हरेश्वर गोंधळला. त्याने मागे, आत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सालोमीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "तुम्ही बंद करताय ना? सगळा बाजार बोलतोय. आणि वर तुम्हीच तर बोर्ड लावलाय."

"आमचा सेल आहे, हरेश्वरभाऊ. नाताळचा सेल. दरवर्षी असतो."

"हो का," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा सांगत होता की हे त्याला पटलेलं नाही. बाई अजून कुणाला कळू देत नाहीयेत, एवढंच. आपलं कार्ड काउंटरवर ठेवून तो निघून गेला.

सालोमी इथे कामाला लागून बरीच वर्षं झाली होती. ती घडी अर्धवट टाकून पुढे आली. "बाई, मलापण दोघींनी विचारलं. चर्चमध्ये, मिस्सा सुटल्यावर. आता तू कुठे काम करणार, म्हणून. मी म्हटलं, काहीतरी ऐकून आल्या असतील."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

सालोमीने काउंटरवरची चळत सारखी केली. मग म्हणाली, "मला वाटलं, खरंच बंद करत असाल तर तुम्ही होऊन सांगाल."

ॲंजेला खुर्चीत बसली.

आगाशीच्या बाजारात 'मटिल्डा कलेक्शन' सगळ्यांना माहीत होतं. ॲंजेलाची सासू मटिल्डा आधी घरी बसून फ्रॉक शिवायची. मग तिने हा गाळा घेतला, आणि ती गेल्यावर ॲंजेलाने तो चालवला. बाळाच्या बाप्तिस्म्याचे कपडे, पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, दिवाळीचे परकर-पोलके, शाळेचे गणवेश, सगळं इथे मिळायचं. डिसेंबरात तर पाय ठेवायला जागा नसायची.

या वर्षी पावसाळा संपला आणि दुकानासमोर गटाराचं काम निघालं. रस्ता खणला, आणि खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी निळे पत्रे ठोकले. पत्रे माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. दुकानाची पाटी शटरच्या वरच, छज्ज्याखाली होती, ती पूर्ण झाकली गेली. दुकानात यायचं तर पिठाच्या गिरणीच्या बाजूने गल्लीत शिरून, मागून वळसा घेऊन यावं लागे. बसचा थांबा पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला हलवला होता. तिथे उभ्या असलेल्या माणसाला दुकानाचा फक्त वरचा भाग दिसायचा, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा.

म्हणून मग त्या कठड्यावर फ्लेक्स लावायचं ठरलं. दहा फूट बाय चार फूट. मजकूर लिहिला होता ॲंजेलाच्या नवऱ्याने, आलोशियसने.

आलोशियस मार्चमध्ये पोस्टातून निवृत्त झाला होता. तेव्हापासून दुकानात तो कुठे तरी मदतीला यायचा आणि कुणाच्या तरी पायात यायचा. मोजपट्टी घेऊन चुकीच्या बाजूने मापं घ्यायचा, मुलींच्या मापाचे फ्रॉक मुलांच्या कप्प्यात ठेवायचा. पण लिहिण्याचं काम त्याचं. गावातली लग्नपत्रिका असो की श्रद्धांजली, आलोशियसकडेच यायची. फ्लेक्सचा मजकूर लिहायला त्याने दोन संध्याकाळ घेतल्या आणि बायकोला उभं राहून वाचून दाखवला. 'नाताळ व नूतन वर्षाच्या मंगल पर्वानिमित्त आमच्या सर्व स्नेही ग्राहक बंधुभगिनींसाठी' इथून सुरुवात होती. मग काय काय मिळेल ते, मग मागच्या बाजूने यावं लागेल त्याबद्दल दिलगिरी, मग येण्याचा मार्ग, मग फोन नंबर, आणि शेवटी 'आपले नम्र'.

ॲंजेलाला तो लांब वाटला होता. पण निवृत्तीनंतर दुकानासाठी त्याने मनापासून केलेलं ते पहिलंच काम होतं. ती म्हणाली, "छान झालंय."

फ्लेक्स विरारला निधीकडे छापला. निधी आणि तिचा नवरा प्रितेश यांचं छोटं प्रिंटिंगचं दुकान होतं. तो मशीन बघायचा, ही डिझाइन करायची. निधीने स्क्रीनवर मजकूर बसवला आणि विचारलं, "आंटी, अकरा ओळी आहेत. यातलं मोठं काय करू?"

आलोशियस म्हणाला होता, "सगळंच महत्त्वाचं आहे."

ॲंजेलाने मधला मार्ग काढला. "'सेल' मोठं कर. आणि 'शेवटचे काही दिवस' मोठं कर, म्हणजे लोक घाई करतील."

निधीने तसं केलं. तिच्याकडे त्या दिवशी गर्दी होती. तीन जण पेन ड्राइव्ह घेऊन मागे उभे होते.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून ॲंजेला मासळीबाजारात गेली. मासळी घ्यायची होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. राजोडीची कमळी तिथे बसायची. ॲंजेलाचं लग्न होऊन ती आगाशीत आली तेव्हापासून ती कमळीकडूनच मासे घेत होती, आणि कमळी आपल्या मुलींचे, आता नातवंडांचे कपडे मटिल्डामधून नेत होती. कमळीने तोंडदेखलं बोललेलं तिला कधी आठवत नव्हतं.

कमळीने तिला पाहिलं आणि पाटीतले बोंबील हलवायचे थांबवले. "बाय, तू अशी कशी गं? इतकी वरसं झाली, आन मला एका शब्दान सांगितलं नाय."

"काय सांगायचं होतं?"

"दुकान बंद करतेस ते. मी बसमदून वाचलं. माझा जीव असा खाली गेला. पोरीला म्हटलं, आता मटिल्डात काय जायचं, सगळं उरलंसुरलं असल तिथं. विरारला जाऊन घेतलं नातवंडांना. काय कपडा, एका पान्यात रंग गेला."

"कमळी, बोर्डावर काय वाचलंस तू? नीट आठवून सांग."

"मोठं व्हतं तेच वाचलं. सेल. शेवटचे काही दिवस." कमळीने हाताने हवेत दोन ओळी दाखवल्या. "आन खाली पत्रे ठोकलेत. शटर दिसत नाय. मग मानसान काय समजायचं?"

"आणि बाकीचं? बाजूला बरंच लिहिलंय."

"ते मुंग्यांसारखं आहे गं बाय. बस थांबते किती, आन मी वाचनार किती."

ॲंजेला तिथेच उभी राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आधी आलं ते दुसरंच. इतकी माणसं, दरवर्षीची, नावाने ओळखणारी. सगळ्यांनी ते वाचलं, हळहळली असतील आणि पुढे गेली. कुणीही वळसा घालून विचारायला आलं नाही. मग तिला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या दुकानावर आपण असं वाचलं असतं तर आपण गेलो असतो का विचारायला? बंद होणाऱ्या दुकानात जाऊन काय बोलायचं असतं?

"नाही बंद करत मी दुकान," ती कमळीला म्हणाली.

"मग तसं लिव की," कमळी म्हणाली आणि बोंबील पिशवीत घालू लागली.

घरी गेल्यावर ॲंजेलाने आलोशियसला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "चप्पल घाल. थांब्यावर जाऊन येऊ."

थांब्यावर आगाशीतल्याच दोन कॉलेजच्या मुली बसची वाट बघत होत्या. ॲंजेलाने आलोशियसला त्यांच्या शेजारी, दुकानाकडे तोंड करून उभं केलं. मध्ये खणलेला रस्ता, पलीकडे निळे पत्रे, आणि वर त्यांचा फ्लेक्स. लाल रंगावर हिरवी अक्षरं, कडेला सांताक्लॉज, वर बर्फाचे कण.

"वाच," ती म्हणाली.

आलोशियसने चष्मा सारखा केला. "सेल," तो म्हणाला. "शेवटचे काही दिवस." मग डोळे बारीक केले. पुढची ओळ त्याला पाठ होती, म्हणून तो ती म्हणू लागला, 'नाताळ व नूतन वर्षाच्या', आणि मध्येच थांबला, कारण आपण वाचत नाही, आठवतोय हे त्याच्या लक्षात आलं.

एक बस आली, थांबली, मुलींना घेऊन निघाली. खिडकीतली दोन-तीन तोंडं फ्लेक्सकडे वळली आणि तशीच पुढे गेली.

"हरेश्वर आला होता गाळा मागायला," ॲंजेला म्हणाली. "कमळीने विरारहून कपडे घेतले. सालोमीला लोक विचारतायत, आता कुठे जाणार. आलोश, सगळ्यांना वाटतंय आपण दुकान बंद करतोय."

आलोशियसने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मी लिहिलेलं कुणी वाचलंच नाही."

"आणि मी मोठं करायला सांगितलं तेवढंच वाचलं. तुझं राहिलं आणि माझं भोवलं." तिने त्याच्या हाताला हात लावला. "मला लांब वाटलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हो, बोलायला हवं होतंस," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. थोडं वाईट वाटलं होतं, एवढंच. मग त्यानेच रिक्षाला हात केला. "चल. निधीचं दुकान उघडं असेल."

निधीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा कपाळाला हात लावला. "माझंपण चुकलं, आंटी. मी विचारायला पाहिजे होतं, लोक बघणार कुठून. शटरजवळून वाचायचा बोर्ड वेगळा आणि रस्त्यापलीकडून वाचायचा वेगळा. थांबा किती लांब आहे?"

आलोशियसला अंदाज होता. "साठेक फूट. रस्ता, खड्डा, फुटपाथ धरून."

"मग अकरा ओळी विसरा. तीन. आणि बसमधल्या माणसाला तीनसुद्धा जास्त होतात, म्हणून पहिली ओळ अशी पाहिजे की तेवढीच वाचली तरी काम झालं." तिने नवीन कोरी फाइल उघडली. "पहिली ओळ काय?"

"'सेल' नको," ॲंजेला म्हणाली. "लोकांना सेल कळलाय. दुकान आहे हे कळलं नाही."

"मग लिहू, 'मटिल्डा चालू आहे'," निधी म्हणाली आणि टाइपसुद्धा केलं.

स्क्रीनवर ते मोठ्या अक्षरांत उमटलं. आलोशियसने ते वाचलं आणि म्हणाला, "निधी, मटिल्डा माझी आई."

निधीला समजायला क्षणभर लागलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. ॲंजेला हसू दाबायला गेली आणि तिला ते जमलं नाही. दुपारपासून पहिल्यांदा ती हसत होती, आणि एकदा सुरू झाल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना. आतून मशीन सोडून प्रितेश बघायला आला.

"'उघडं आहे' करू?" निधीने विचारलं.

"कपड्यांच्या दुकानावर उघडं?" आलोशियस म्हणाला. आता तोही हसत होता. मग त्याने खिशातलं पेन काढलं, निधीच्या टेबलावरच्या रद्दी कागदावर दोन-तीन शब्द लिहून खोडले आणि कागद पुढे केला. "'दुकान सुरू आहे.' याचा दुसरा अर्थ निघत नाही. आणि मटिल्डा लिहायची गरज नाही. त्या इमारतीत दुसरं दुकान कुठलं? गाववाल्यांना सांगायला नको, नवीन माणसाला आल्यावर कळेल."

"अंकल, हेच पाहिजे," निधी म्हणाली. "दुकानात आल्यावर जे सांगता येतं ते सगळं बोर्डावरून काढायचं."

मग फोन नंबर गेला, कारण बसमधून नंबर कुणी उतरवून घेत नाही. किती टक्के सूट, तेही गेलं. ते सगळ्या मालावर सारखं नव्हतंच, आणि 'पर्यंत' हा शब्द बारीक छापला की दुकानात भांडणं होतात, हे ॲंजेलाला ठाऊक होतं. सांताक्लॉज गेला. तो जाताना ॲंजेलाला जरा वाईट वाटलं, पण त्याने पाव फ्लेक्स अडवला होता. दुसरी ओळ ठरली 'नाताळ सेल'. तिसरी ओळ वाटेची.

"'गिरणीच्या बाजूने मागील मार्गाने यावे'," आलोशियसने सुचवलं.

"'गिरणीच्या गल्लीतून या'," ॲंजेला म्हणाली. "आणि बाण."

"बाण कुठल्या बाजूला?" निधीने विचारलं.

दोघं एकदम बोलले, तो उजवी म्हणाला आणि ती डावी. दुकानात उभं राहून बाहेर पाहिलं तर गिरणी उजवीकडे होती. पण वाचणारा थांब्यावर उभा होता, दुकानाकडे तोंड करून. आलोशियसने डोळे मिटले, आपण थोड्या वेळापूर्वी जिथे उभे होतो तिथे मनाने परत गेला, हात उचलला आणि म्हणाला, "डावी. तुझं बरोबर."

रंगावर मात्र तो अडला. नाताळ म्हटलं की लाल-हिरवं हवं. निधीने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने एकच मजकूर दोनदा छापला, साध्या कागदावर, प्रत्येक जेमतेम वीतभराहून थोडा रुंद. एक लालवर हिरवा, दुसरा पिवळ्यावर काळा. दोन्ही समोरच्या भिंतीला चिकटवले.

"दहा फुटांचा फ्लेक्स मी दहा इंचांचा केलाय," ती म्हणाली. "मग साठ फुटांचे होतात साठ इंच. म्हणजे पाच फूट. या फरशीवर उभे राहा. थांब्यावरून असंच दिसणार."

आलोशियस फरशीवर उभा राहिला. लाल कागदावर हिरवी अक्षरं होती खरी, पण तिथून दोन्ही रंग एकमेकांत मिसळून नुसता गडद पट्टा दिसत होता. पिवळ्यावरचं काळं लख्ख वाचता येत होतं.

"आणि वरखाली जागा का सोडलीस एवढी?" त्याने विचारलं. "अक्षर आणखी मोठं होईल की."

"'दुकान सुरू'ला दोन उकार खाली लागतात, 'सेल'ला मात्रा वर. ओळी चिकटवल्या की खालच्या ओळीची मात्रा आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांत अडकतात. मग लांबून काय अक्षर आहे तेच कळत नाही. मोकळं ठेवलं तर थोडं लहान असूनही लवकर वाचतं. सावली, सोनेरी कडा, असलं काहीच देत नाहीये."

आलोशियसने पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. "'नाताळ सेल' तेवढं लाल करशील? पिवळ्यावर लाल?"

"ते दिसेल. चालेल," निधी म्हणाली.

महापालिकेच्या परवानगीचा नंबर आणि मुदत खालच्या कोपऱ्यात छापायची होती, ती आधीचीच होती, मुदतही शिल्लक होती. पण मजकूर बदलला तर पुन्हा दाखवावा लागेल का, याची आलोशियसला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवीन छापील नमुना घेऊन स्वतः प्रभाग कार्यालयात गेला आणि शिक्का मारून घेऊनच आला. पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसाला रांगेचा कंटाळा नव्हता.

त्या संध्याकाळी निघताना निधीने त्याला थांबवलं. "अंकल, तुमचा तो मोठा मजकूर टाकू नका. तो मी दाराला लावायला छापून देते, दोन फूट बाय तीन फूट. गल्लीतून आलेला माणूस दारापाशी हातभर अंतरावर उभा असतो. तिथे तो वाचेल."

आलोशियसने मान हलवली. थोडं पुढे जाऊन परत वळला आणि म्हणाला, "'शेवटचे काही दिवस' तेवढं काढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रितेश आणि त्याचा माणूस येऊन जुना फ्लेक्स उतरवून नवीन लावून गेले. कठड्याला चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधला, कारण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की सैल फ्लेक्स पोटासारखा फुगतो आणि अक्षरं वाकडी होतात. ॲंजेला पलीकडे थांब्यावर उभी राहून बघत होती. पिवळा रंग, तीन ओळी. दुकान सुरू आहे. नाताळ सेल. गिरणीच्या गल्लीतून या, आणि डावीकडे जाणारा जाड बाण. नुसतं एवढंच. तिला वाटलं, फारच उघडंबोडकं दिसतंय. इतक्या मोठ्या फ्लेक्सवर इतकेच शब्द, लोक म्हणतील यांना लिहायला काही सुचलं नाही.

दुकानात येऊन ती बसली. सालोमीने गणवेशांचा कप्पा दुसऱ्यांदा पुसला. आलोशियस दारात उभा राहून आपलाच मजकूर वाचत होता. कुणी आलं नाही. पलीकडून एक बस गेल्याचा आवाज आला, मग दुसरी गेली. ॲंजेलाच्या मनात आलं, उशीर झाला. एकदा बंद झालं म्हणून ठरवलेल्या दुकानाकडे लोक परत कशाला बघतील? ज्यांना घ्यायचं त्यांनी घेतलं असेल. कमळीने घेतलं तसं.

मग गल्लीतून कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला आणि दारात एक बाई उभी राहिली. कडेवर मूल, दुसऱ्याचा हात धरलेला. ओळखीची नव्हती.

"गिरणीच्या गल्लीतून या लिहिलंय, ते हेच ना?" तिने विचारलं.

"हेच, हेच," आलोशियस म्हणाला आणि तिला वाट द्यायला इतका मागे सरकला की स्टुलावर आदळला.

ती नवीन राहायला आलेली, आगाशीच्या पुढच्या इमारतींतली. तिला दोन्ही मुलांना कपडे हवे होते. सालोमीने माप घेतलं. ती बाई कपडे बघत असतानाच आणखी दोघी आल्या, या मात्र ओळखीच्या, रविवारी मिस्सेला पुढच्या बाकावर बसणाऱ्या सुझान आणि तिची जाऊ.

"अगं ॲंजेला, आहेस तू," सुझान म्हणाली आणि तिने काउंटरवरून वाकून तिला मिठीच मारली. "मला तर वाटलं होतं, संपलं. मी नवऱ्याला म्हटलं, आपल्या ॲनीचा कम्युनियनचा फ्रॉक आता कुठून आणायचा? आणि आज बसमधून पाहते तर काय. मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले."

"एवढ्या लांब?"

"वाचलं तोपर्यंत बस सुटली होती," सुझान हसली. "पण वाचता आलं."

आलोशियसने ते ऐकलं. तो हातातला हँगर उगाच नीट करत राहिला.

संध्याकाळपर्यंत दुकान भरलं नाही, पण रिकामंही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जास्त आले. येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, आम्हाला वाटलं बंद केलंत, आणि प्रत्येक वेळी ॲंजेलाला ते आधीपेक्षा कमी टोचायचं. काही जणांनी ते इतक्या सुटकेने म्हटलं की तिला नवल वाटलं. दुकान आपलं, पण त्याच्या बंद होण्याची काळजी यांनाही होती. ती तोंडावर बोलून दाखवायची कशी, एवढंच त्यांना कळलं नव्हतं.

दाराजवळच्या मोठ्या मजकुरापाशी माणसं थांबायची. ट्रायल रूमची रांग दारापर्यंत आली की वाचायला वेळच वेळ असे. एका म्हाताऱ्या शिक्षकाने तो सगळा, 'आपले नम्र'पर्यंत वाचला आणि आलोशियसला म्हणाला, "भाषा चांगली आहे. कुणी लिहिलं?" त्या दिवशी आलोशियस जेवायलाही घरी गेला नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी तर सालोमीला मदतीला तिची भाची स्टेफी बोलवावी लागली. गिरणीवाल्याने गल्लीत उभ्या केलेल्या सायकली स्वतःहून बाजूला केल्या आणि ॲंजेलाला निरोप पाठवला की गर्दीमुळे आपलंही दळण वाढलंय.

कमळी त्या दिवशी दुपारी आली, पाटी रिकामी करून, पदराने घाम पुसत. आल्या आल्या तिने आत नजर फिरवली, गर्दी पाहिली आणि एका बाजूला, कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"काय घेणार?" ॲंजेलाने विचारलं.

"नातवंडांचं घेतलंय ना मी विरारला. बोलले नाय का तुला?" कमळी म्हणाली. मग जरा थांबून, "मला एक गाऊन दाखव. सुताचा. फुलांचा नको, आमच्या घरात सगळ्यांचे फुलांचेच हायत."

ॲंजेलाने निळ्या रेघांचा एक काढला. कमळीने तो अंगाला लावून पाहिला, शिवण उलटी करून तपासली, आणि ठेवून घेतला.

तिला पोचवायला ॲंजेला दारापर्यंत आली. बाहेर गल्लीत ऊन उतरलं होतं आणि गिरणीचा आवाज येत होता. आलोशियस कुणाला तरी वीस नंबरचं माप शोधून देत होता, आणि या वेळी बरोबर कप्प्यात शोधत होता. ॲंजेलाने चपला काढल्या, थंड फरशीवर पाय टेकवले आणि सकाळपासून भरून ठेवलेला डबा उघडला. आत सुझानने पाठवलेला इंदेल होता, मटणाचा आंबट-तिखट रस्सा, गार झालेला. तिने पावाचा तुकडा मोडला आणि उभ्या उभ्याच खायला लागली. चार घास पोटात गेल्यावर तिला कळलं, आज आपल्याला खरंच भूक लागलीय.